एंडोमेंट पॉलिसी पेड-अप करताना: अर्जातील प्रत्येक वाक्य कशासाठी

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. माझे वय 41 असून दारव्हा तालुक्यात माझे साडेचार एकर कोरडवाहू वावर आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये मी आयुर्विमा महामंडळाची 3 लाख रुपयांची, 20 वर्षे मुदतीची एंडोमेंट पॉलिसी घेतली. सोबत 3 लाखांचा अपघात लाभाचा रायडर आहे. वर्षाचा 15,300 रुपयांचा हप्ता बँकेतून आपोआप कापला जातो. नऊ हप्ते वेळेवर गेले. यंदा सोयाबीन पाण्यात गेले, कपाशीने हात दिला नाही, पीककर्ज थकले आणि 28 नोव्हेंबर 2025 चा हप्ता खात्यात पैसे नसल्यामुळे परत गेला. शाखेतून काढलेल्या कागदावर आतापर्यंतचा बोनस 1,08,000 रुपये दिसतो. सरेंडर केली तर 98 हजार मिळतील, त्यातून पुढे एक लहान नवी पॉलिसी काढू, असे एजंट म्हणतात. पॉलिसीवर कर्ज काढलेले नाही. माझी इच्छा ती पेड-अप करण्याची आहे. अर्ज कसा लिहावा, आणि त्यामुळे माझ्या घरच्यांचे नेमके काय कमी होईल?

— एक कास्तकार, जि. यवतमाळ

उत्तर

नमस्कार. पेड-अप ही शाखाधिकाऱ्यांनी दाखवलेली मेहेरबानी नाही, हे आधी स्पष्ट करतो. विमा कायदा, 1938 च्या कलम 113 नुसार ज्या पॉलिसीला सरेंडर मूल्य प्राप्त झाले आहे, ती पुढचे हप्ते न भरल्यामुळे पूर्ण रद्द होत नाही. भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात ती चालू राहते. तुमच्या पॉलिसीच्या काळातील अशा दीर्घ मुदतीच्या पॉलिसींना त्यासाठी किमान तीन वर्षांचे हप्ते भरलेले असावे लागतात आणि तुम्ही नऊ भरले आहेत. त्यामुळे अर्ज दिला नाही तरी तुमची पॉलिसी पेड-अप होणारच आहे. त्यासाठी पीकनुकसानीचा पंचनामा, सातबारा किंवा तलाठ्याचा दाखला जोडण्याचीही गरज नाही, कारण अडचण खरी आहे की नाही यावर हा हक्क अवलंबून नसतो.

मग अर्ज कशासाठी? बँकेची कपात थांबवण्यासाठी, पॉलिसी चुकूनही सरेंडरच्या वाटेला जाऊ नये यासाठी, पेड-अपचे आकडे लेखी मिळवण्यासाठी आणि पुढे परिस्थिती सुधारल्यावर पॉलिसी पूर्ववत करण्याचा रस्ता मोकळा ठेवण्यासाठी. या चार गोष्टी अर्जात नसतील तर तो लिहून फारसा उपयोग नाही.

अर्ज देण्याची घाई मात्र करू नका. वार्षिक हप्त्याला देय तारखेपासून 30 दिवसांची सवलत, म्हणजे ग्रेस पिरियड, असते. तुमच्या बाबतीत ती 28 डिसेंबरला संपते. त्या दिवसापर्यंत पॉलिसी पूर्ण चालू समजली जाते आणि दुर्दैवाने काही घडले तर न भरलेला हप्ता वजा करून पूर्ण विमा रक्कम मिळते. हे संरक्षण तुम्हाला फुकट मिळत असताना ते आधीच सोडून देण्यात अर्थ नाही. शिवाय तेवढ्या दिवसांत कापूस किंवा इतर काही विकून हप्त्याची सोय झाली, तर हा सारा विषयच संपेल. बँकेची कपात थांबवण्याचे काम तेवढे आजच करावे. ते का, हे पुढे येईलच.

आता घरच्यांचे काय कमी होईल याचा हिशेब. पेड-अप रक्कम काढण्याची रीत साधी आहे: भरलेले हप्ते भागिले एकूण देय हप्ते, गुणिले विमा रक्कम. तुमचे 20 पैकी 9 हप्ते भरले आहेत, म्हणून 3,00,000 रुपयांचे वीसांश नऊ, म्हणजे 1,35,000 रुपये. पॉलिसीच्या खाती आधीच जमा झालेला बोनस कापला जात नाही. तो या घटलेल्या रकमेला जोडलेला राहतो. 1,35,000 आणि 1,08,000 मिळून 2,43,000 रुपये होतात. नोव्हेंबर 2036 मध्ये तुम्हाला ही रक्कम मिळेल आणि त्याआधी तुमचा मृत्यू झाला तर नॉमिनीलाही एवढीच मिळेल.

या आकड्यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली अशी की तो आज जेवढा आहे तेवढाच अकरा वर्षे राहतो. पेड-अप झालेली पॉलिसी पुढच्या नफ्यात सहभागी होत नाही, म्हणून दरवर्षी जाहीर होणारा बोनस तिला मिळत नाही आणि मुदतीच्या शेवटी पूर्ण चालू पॉलिसींना दिला जाऊ शकणारा अंतिम अतिरिक्त बोनसही मिळत नाही. पेड-अप रकमेवर व्याज चढते असा गावोगाव समज आहे. तसे काहीही होत नाही. दुसरी गोष्ट तपासण्याची आहे. कागदावरचा बोनस कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, हे शाखेत विचारा. बोनस दरवर्षी मूल्यांकनानंतर जाहीर होतो, त्यामुळे तुम्ही हप्ता भरलेल्या शेवटच्या वर्षाचा बोनस त्या कागदावर अजून आलेला नसण्याची शक्यता असते. तो राहिला असेल तर त्याची नोंद लेखी मागा.

कुटुंबाच्या दृष्टीने मोठी घट संरक्षणात आहे. आज तुम्हाला काही झाले तर 3,00,000 अधिक 1,08,000, म्हणजे 4,08,000 रुपये मिळाले असते आणि मृत्यू अपघाती असता तर रायडरचे आणखी 3,00,000. पेड-अप झाल्यावर कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी 2,43,000 रुपयेच मिळतात. रायडरला पेड-अप मूल्य नसते. नऊ वर्षे त्याचेही पैसे भरले म्हणून त्याचा काही भाग शिल्लक राहील, असे होत नाही. मूळ पॉलिसी पेड-अप झाली की रायडर पूर्ण बंद पडतो. शेतात वीज, साप, फवारणी आणि रात्रीच्या ओलिताचा धोका असलेल्या माणसासाठी ही घट मला सर्वांत गंभीर वाटते आणि नेमकी हीच गोष्ट शाखेत बहुधा कोणी सांगत नाही.

ही पोकळी बऱ्याच अंशी स्वस्तात भरता येते. ज्या बँकेत तुमचे बचत खाते आहे तिथेच प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा फॉर्म भरा: वर्षाला 436 रुपयांत कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये मिळतात आणि 18 ते 50 वयाच्या खातेदाराला त्यात सहभागी होता येते. डिसेंबरमध्ये सहभागी झालात तर मेअखेरपर्यंतच्या उरलेल्या काळापुरता कमी हप्ता लागतो. मात्र पहिल्या 30 दिवसांत अपघाताखेरीज अन्य कारणाने मृत्यू झाल्यास दावा मिळत नाही, म्हणून हा फॉर्म ग्रेस संपण्याची वाट न पाहता याच आठवड्यात द्यावा. सोबत वर्षाला 20 रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्या; तिच्यात अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये आहेत. दोन्हींचे पैसे मेअखेरीस खात्यातून कापले जातात आणि त्या वेळी खाते रिकामे असेल तर संरक्षण थांबते, एवढे लक्षात ठेवावे. राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना यांहून वेगळी आहे. तिच्यासाठी शेतकऱ्याला हप्ता भरावा लागत नाही.

आता एजंटच्या सल्ल्याकडे वळू. आज 98 हजार घ्यावेत की अकरा वर्षांनी 2,43,000, हा प्रश्न व्याजदराने सोडवता येतो. 98 हजारांचे अकरा वर्षांत 2,43,000 व्हायचे असतील तर ते दरवर्षी सुमारे साडेआठ टक्के चक्रवाढीने वाढावे लागतील, आणि या काळात विम्याचे संरक्षणही राहते. बँकेच्या साध्या ठेवीत एवढे मिळणे कठीण आहे. म्हणून केवळ नवी पॉलिसी काढण्यासाठी ही सरेंडर करणे हा तुमच्यासाठी तोट्याचा व्यवहार आहे. नवी पॉलिसी 41 व्या वयाच्या दराने मिळेल आणि पहिल्या वर्षांच्या हप्त्यांतून खर्च व कमिशन पुन्हा नव्याने वजा होईल. एक मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे: पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर विमा कंपनीला कोणत्याही कारणावरून तिच्या वैधतेवर आक्षेप घेता येत नाही, हे कलम 45 चे कवच तुमच्या जुन्या पॉलिसीला मिळून बरीच वर्षे झाली आहेत, तर नव्या पॉलिसीत ही तीन वर्षे शून्यापासून मोजली जातील.

तरीही एक परिस्थिती अशी आहे जिथे मी पेड-अपचा आग्रह धरणार नाही. पेड-अपने तुमच्या हातात आज एक रुपयाही येत नाही. ते फक्त जाणारा पैसा थांबवते. तुमच्या डोक्यावर सावकाराचे शेकडा तीन रुपये महिन्याचे कर्ज असेल, तर वर्षाला 36 टक्के व्याज देत असताना साडेआठ टक्क्यांनी वाढणारी पॉलिसी जपत बसणे हिशेबाला धरून नाही. पत्रात तुम्ही फक्त पीककर्जाचा उल्लेख केला आहे, म्हणून मी ते गृहीत धरत नाही. पण तसे कर्ज असेल तर सरेंडरच्या आधी पॉलिसीवरील कर्जाचा विचार करा. अशा पॉलिसीत चालू स्थितीत सरेंडर मूल्याच्या 90 टक्क्यांपर्यंत आणि पेड-अप स्थितीत 80 टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची तरतूद असते. 98 हजारांवर पेड-अप झाल्यानंतर ते सुमारे 78 हजार रुपये होते.

हे कर्ज घेतले तर त्याचे व्याज दर सहा महिन्यांनी भरावे लागेल आणि न भरलेले व्याज मुद्दलात मिसळत जाते. दहा टक्के दर धरून काहीच भरले नाही, तर 78,400 रुपयांचे अकरा वर्षांत सुमारे 2,29,000 होतात आणि 2036 मध्ये तुमच्या हाती 2,43,000 मधून जेमतेम चौदा हजार उरतात. त्याआधीच कर्ज आणि व्याज मिळून सरेंडर मूल्याच्या वर गेले, तर पॉलिसी त्यातच जिरवून बंद केली जाते. म्हणून हे कर्ज महागडे कर्ज फेडण्यासाठी आणि दोन-तीन हंगामांत परत करण्याच्या तयारीनेच घ्यावे. लग्नकार्य किंवा बी-बियाण्यासाठी घेऊन विसरून जाण्यासारखे ते नाही.

पेड-अपचा अर्ज करण्यापूर्वी आणखी एक शक्यता तपासा असे मी सुचवतो, कारण तुमच्या बाबतीत पुढचे हप्ते चालू ठेवणे आकड्यांत चांगले दिसते. उरलेले अकरा हप्ते मिळून 1,68,300 रुपये होतात. बोनस आतापर्यंतच्या सरासरीने, म्हणजे वर्षाला 12,000 रुपयांनी, मिळत राहिला असे धरले, तर 2036 मध्ये 5,40,000 रुपये हाती येतील. पेड-अपपेक्षा हे 2,97,000 रुपयांनी जास्त आहे. बोनसचा दर कोणीही आधी सांगू शकत नाही, पण या गृहीतावर पुढच्या हप्त्यांवरचा परतावा वर्षाला नऊ टक्क्यांच्या आसपास बसतो आणि पूर्ण विमाही चालू राहतो. सुरुवातीच्या वर्षांचा खर्च तुम्ही आधीच सोसून झाला आहे, म्हणून असे घडते. तेव्हा अडचण वर्षभराच्या पैशाची नसून एकाच वेळी 15,300 रुपये उभे करण्याची असेल, तर हप्ता सहामाही करून मागा. नोव्हेंबर हा पॉलिसीचा वर्षदिन असल्यामुळे हा बदल मागण्याची हीच योग्य वेळ आहे. सहामाही हप्ता वार्षिकाच्या निम्म्याहून थोडा जास्त असतो. पण त्यातला एक नोव्हेंबरात सोयाबीनच्या पैशातून आणि दुसरा मे महिन्यात तुरीच्या किंवा उरलेल्या कापसाच्या पैशातून भरणे कोरडवाहू शेतकऱ्याला तुलनेने सोपे जाते. तेही शक्य नसेल तर पेड-अपला पर्याय नाही, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

पेड-अपकडे कायमचा निरोप म्हणूनही पाहू नका. पहिल्या न भरलेल्या हप्त्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत, म्हणजे तुमच्या बाबतीत 28 नोव्हेंबर 2030 पर्यंत, पॉलिसीचे पुनरुज्जीवन करता येते. 2014 नंतर घेतलेल्या पॉलिसींना आधी ही मुदत दोनच वर्षे होती. 2019 मध्ये ती युनिट लिंक्ड नसलेल्या पॉलिसींसाठी पाच वर्षे झाली. बाँडवर दोन वर्षे छापलेली दिसली तर गोंधळून जाऊ नका आणि शाखेत कोणी जुना नियम सांगितला तर पाच वर्षांची तरतूद लेखी विचारा. पुनरुज्जीवनासाठी थकलेले सर्व हप्ते सहामाही चक्रवाढ व्याजासह भरावे लागतात आणि प्रकृती चांगली असल्याचे घोषणापत्र, म्हणजे 680 क्रमांकाचा फॉर्म, द्यावे लागते. गरज वाटल्यास महामंडळ वैद्यकीय तपासणीही मागते. उदाहरणार्थ, तुम्ही नोव्हेंबर 2027 मध्ये परत आलात तर 2025, 2026 आणि 2027 चे मिळून 45,900 रुपये आणि साडेनऊ टक्के दर धरल्यास सुमारे 4,600 रुपये व्याज लागेल. त्या बदल्यात पूर्ण विमा रक्कम आणि मधल्या वर्षांचा बोनसही पूर्ववत मिळतो. महामंडळ अधूनमधून विशेष पुनरुज्जीवन मोहीम काढते आणि तेव्हा विलंब आकारात सूट असते. वाट पाहता येत असेल तर ती साधावी. मात्र दोन मर्यादा आहेत. मधल्या काळात मधुमेह, हृदयविकार असे काही निघाले तर पुनरुज्जीवन नाकारले जाऊ शकते किंवा जादा हप्ता लागू शकतो. आणि पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून कलम 45 ची तीन वर्षे नव्याने मोजली जातात, म्हणून त्या घोषणापत्रात कोणतीही व्याधी लपवू नये. फॉर्म दुसऱ्याने भरला असेल तर सही करण्यापूर्वी तो वाचून घ्यावा.

बँकेच्या कपातीचा मुद्दा असा की हप्ता परत गेला म्हणून तुम्ही दिलेली परवानगी रद्द होत नाही. ती जिवंत असेपर्यंत मागणी पुन्हा येऊ शकते. खाते रिकामे असेल तर दरवेळी बँक दंड कापते आणि नेमके नुकसानभरपाईचे किंवा पीएम-किसानचे पैसे जमा झाले असतील तर तेच हप्त्यात निघून जातात. म्हणून परवानगी रद्द करण्याचा अर्ज बँकेत आणि विमा शाखेत अशा दोन्ही ठिकाणी द्यावा. बँकेने रद्द केल्याची पावती घ्या आणि पुढच्या महिन्यात पासबुक भरून खात्री करा.

सहामाहीची सोय झाली नाही तर ग्रेस संपल्यावर शाखेत द्यायचा अर्ज पुढीलप्रमाणे लिहा. तो हाताने लिहिलेला चालतो.

दिनांक: 30 डिसेंबर 2025

प्रति,
मा. शाखाधिकारी,
भारतीय आयुर्विमा महामंडळ,
शाखा (शाखेचे नाव)

विषय: पॉलिसी क्रमांक (______) पेड-अप स्थितीत ठेवण्याबाबत आणि संबंधित माहिती लेखी मिळण्याबाबत.

महोदय,

वरील क्रमांकाची एंडोमेंट पॉलिसी माझ्या नावे असून तिची सुरुवात नोव्हेंबर 2016 मध्ये झाली आहे. विमा रक्कम 3,00,000 रुपये आणि मुदत 20 वर्षे आहे. नोव्हेंबर 2024 पर्यंतचे सर्व नऊ वार्षिक हप्ते मी भरले आहेत. या हंगामात पिकाचे मोठे नुकसान झाल्यामुळे 28 नोव्हेंबर 2025 रोजी देय असलेला हप्ता मी भरू शकलो नाही आणि सध्या पुढील हप्ते भरणे मला शक्य नाही.

म्हणून ही पॉलिसी पेड-अप स्थितीत मुदतपूर्तीपर्यंत चालू ठेवावी, ही विनंती. मी पॉलिसी सरेंडर करत नाही आणि हा अर्ज सरेंडरची विनंती म्हणून समजू नये. नियमांनुसार असलेल्या मुदतीत पॉलिसीचे पुनरुज्जीवन करण्याचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे.

हप्त्याच्या वसुलीसाठी माझ्या बँक खात्यावर दिलेली परवानगी रद्द करावी आणि यापुढे मागणी पाठवू नये.

कृपया पुढील माहिती मला लेखी द्यावी: मृत्यू आणि मुदतपूर्ती या दोन्ही प्रसंगी लागू होणारी पेड-अप रक्कम; आजवर जमा झालेला बोनस आणि तो कोणत्या तारखेपर्यंतचा आहे; अपघात लाभ रायडर कोणत्या तारखेपासून बंद झाला; पुनरुज्जीवनाची अंतिम तारीख; आणि पॉलिसीवर नोंद असलेल्या नॉमिनीचे नाव.

सोबत पॉलिसी बाँडच्या पहिल्या पानाची, शेवटच्या हप्त्याच्या पावतीची, आधार कार्डाची आणि बँक पासबुकाची छायाप्रत जोडत आहे.

आपला विश्वासू,
(सही, पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक)

या अर्जातील “मी पॉलिसी सरेंडर करत नाही” हे वाक्य अनावश्यक वाटले तरी गाळू नका. काउंटरवर “पॉलिसी बंद करायची आहे” असे तोंडी म्हटले की समोरचा माणूस सरेंडरचा फॉर्म पुढे करतो आणि एकदा पैसे घेतल्यावर पॉलिसी परत उभी करता येत नाही. सरेंडरचा पावती-फॉर्म 5074 क्रमांकाचा असतो. त्यावर सही करू नका. मूळ बाँडही देऊ नका. पेड-अपसाठी त्याची गरज नसते. तो सरेंडर, कर्ज किंवा दाव्याच्या वेळी द्यावा लागतो. कोणी मूळ बाँड मागत असेल, तर आपले काम कोणत्या नावाखाली चालले आहे ते तिथेच विचारा.

अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख व सही घ्या. एजंटच्या हाती अर्ज देऊन पोच मिळत नाही, म्हणून तालुक्याला किंवा यवतमाळला जाण्याचा एक दिवस गेला तरी चालेल. जाणे शक्यच नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि अर्ज पोचल्याचा पुरावा जपून ठेवा.

उत्तर आले की सर्वप्रथम 1,35,000 हा आकडा जुळतो का ते पाहा. कमी दिसला तर भरलेल्या हप्त्यांची संख्या आठ धरली गेली आहे का ते तपासा; एखादी जुनी पावती नोंदीतून सुटली की अशी चूक होते, आणि एका हप्त्याने 15,000 रुपयांचा फरक पडतो. त्यासाठी नऊही पावत्या किंवा पासबुकातील नोंदी जपून ठेवा. नॉमिनीचे नाव आणि मोबाइल क्रमांक जुना असेल तर याच फेरीत बदलून घ्या, कारण आता अकरा वर्षे हप्त्याची आठवण करून देणारा संदेशही येणार नाही. बाँड, अर्जाची पोच आणि शाखेचे उत्तर एकाच पाकिटात घालून त्यावर 2,43,000 रुपये आणि नोव्हेंबर 2036 असे लिहा व पत्नीला ते दाखवा.

महिनाभरात लेखी उत्तर आले नाही किंवा आकडा चुकीचा असूनही दुरुस्त झाला नाही, तर आधी महामंडळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. त्यानंतर विमा नियामकाच्या बीमा भरोसा यंत्रणेत 155255 या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तिथे तक्रार नोंदवताना पॉलिसी क्रमांक आणि शिक्का मारलेल्या पोचेची तारीख विचारली जाईल.